पूर्ण सिनेमा, एचडी

'फक्त शैक्षणिक हेतूसाठी, सर्व हक्क मूळ मालकाचे' असं ज्यानं सिनेमाखाली लिहिलंय, त्यानं तो न विचारता उचललाय हे खुशाल समजावं. ज्याच्याकडे हक्क असतात तो असले खुलासे करत बसत नाही. हे मी रोजच्या अनुभवावरून सांगते. परळला आमचं ऑफिस आहे. जुन्या मराठी सिनेमांचे इंटरनेटचे हक्क आम्ही घेतो, आमच्या चॅनेलवर सिनेमे फुकट दाखवतो आणि बाकीच्यांनी चढवलेल्या चोरीच्या प्रती हुडकून काढून टाकायला लावतो. हुडकण्याचं काम माझं, म्हणजे सीमाचं. साहेब हेरंब.

घरी लालबागला मी आणि आई. आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच होता, डाव्यानं तिला नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. गणपतीनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "उरलंय ते कधीही जाईल." आईला मी काही बोलले नाही, पण तिला कळायचं ते कळलं.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्या बाबांना एकदा बघायचंय गं. फोटो नको. हलताना."

बाबांचं नाव आनंदा. मिलमध्ये होते. संपात काम बंद पडलं तेव्हा आमच्या चाळीतला जाखडीचा संच एका सिनेमाच्या गाण्यासाठी नेला होता. जाखडीत नाचणारे गोल फिरतात आणि वाजवणारे मध्ये बसतात. बाबा मध्ये बसून मृदंग वाजवत होते. मी चौथीत असताना ते गेले. लग्नाचे फोटो आहेत, पण हलणारे बाबा जगात फक्त त्या गाण्यात. आणि तो सिनेमा आमच्याच कंपनीकडे! मला हसू आलं. म्हटलं, आई, अगं, हे तर माझ्या हातातलं काम.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या चॅनेलवर तो उघडला. कायदेशीर, स्वच्छ, नावाखाली कंपनीचं नाव. गाणं सुरू झालं. नाचणाऱ्यांच्या कमरा दिसल्या, हात दिसले, आणि खाली, अगदी कडेला, चार टोप्यांचे शेंडे.

मला आधी कळेचना. मग कळलं आणि अंगाची आग झाली. जुना सिनेमा चौकोनी असतो, आजचे पडदे रुंद. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि लोकांना त्या आवडत नाहीत, म्हणून या धंद्यात चित्र मोठं करून वरून-खालून कापतात. माझे बाबा खाली बसले होते.

हेरंबच्या केबिनमध्ये गेले. "मूळ टेप कुठाय?"

"निर्मात्यांनी कापलेलीच फाईल दिली. टेप त्यांच्या गोदामात खराब झाली. का गं?"

सांगितलं. त्यानं खुर्ची पुढे ओढून दिली. वाईट माणूस नाही तो.

मग मी शोधायला लागले. नेहमी चोर पकडायला शोधते, या वेळी चोराकडेच मागायला निघाले होते. एका प्रतीवर 'फुल एचडी' लिहिलं होतं. लिहायला काय जातं? जुनी व्हिडिओ कॅसेट ताणून मोठी केली की आकडा मोठा दिसतो, माणसांचे चेहरे मात्र लोण्यासारखे वितळलेले. एकीची लांबी सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरच्या लांबीशी जुळेना, गाणीच गायब. तिसरीत वाहिनीचा शिक्का झाकायला चित्र चहूबाजूंनी छाटलेलं. चौथी सिनेमाच नव्हती, नुसतं पोस्टर आणि खाली भलतीच लिंक. रोज काम संपल्यावर बसायचे. घरी आई विचारायची, "सापडले?" आणि मी म्हणायचे, "उद्या."

शेवटी सापडली. पूर्ण चौकोन, पूर्ण लांबी, चेहरे बऱ्यापैकी. आणि खाली, मध्यभागी, मांडी घालून माझे बाबा. माझ्या आताच्या वयापेक्षा लहान. मान हलवत होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बाजूच्यांना वाटलं, माझी नोकरी गेली.

चोरीचीच होती. चॅनेलवर दुनियेभरचे सिनेमे, मालकाचा पत्ता नाही, आणि सुरुवातीची नावं उलटी, आरशात वाचावी तशी. ही त्यांची नेहमीची युक्ती. चित्र डावं-उजवं फिरवायचं, आवाज जरा वर चढवायचा, म्हणजे प्रती ओळखणाऱ्या यंत्राला सापडत नाही. म्हणून तर माझ्यासारखी माणसं ठेवावी लागतात.

घरी फोन आईच्या डाव्या डोळ्यासमोर धरला. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्यो कोन बसलाय?"

"बाबा, आई!"

"नाय गं. ह्यो डावखुरा हाय. तुझं बाबा उजव्या हातानं मृदंगाच्या काळ्या शाईवर मारायचं. आनि आवाज बघ कसा, पोराचा वाटतोय." तिनं फोन बाजूला सारला. "दुसरंच कुणी हाय. राहू दे."

मी समजावलं. कपाटाच्या आरशासमोर फोन धरला, सरळ दिसेल म्हणून. पण एवढ्या मोठ्या आरशात तिला तो छोटा उजेड सापडेचना. ती आरशाच्या काचेवर बोटं फिरवत राहिली आणि म्हणाली, "तू दमलीस. जेव आता."

ती प्रत उतरवून सरळ करायला मला कितीसा वेळ लागला असता? पण मी कंपनीत लिहून दिलंय, अशी प्रत स्वतःसाठी उतरवणार नाही. इतरांना ज्यासाठी नोटिसा पाठवते तेच कसं करू? आज वाटतं, खड्ड्यात गेलं ते लिहून दिलेलं.

हेरंबला म्हटलं, "हक्क आपले आहेत ना? मग पुरावा म्हणून ही प्रत आपणच उतरवू. सरळ करू, आवाज खाली आणू, आपल्या चॅनेलवर पट्ट्यांसकट पूर्ण चौकोन लावू."

"करू," तो म्हणाला, "पण करारात दिलेलीच फाईल दाखवायची असं आहे. निर्मात्यांची लेखी संमती लागेल."

निर्माते वारले होते. मुलगा परदेशात. त्यानं वकिलाला विचारलं, वकिलानं निर्मात्यांच्या मुलीला. मी फोन केले, विनवण्या केल्या, एकदा त्या वकिलावर ओरडलेसुद्धा. दिवाळी गेली. आई भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायला लागली. विचारलं की म्हणायची, "दिसतंय की. उजेड कमी हाय."

संमती थंडीत आली. प्रत सरळ झाली, आवाज मूळ पट्टीत आला. हेरंबनं स्वतः बसून तपासली आणि त्याच दुपारी मला घरी पाठवलं.

टीव्हीवर लावली. आई नवं लुगडं नेसली होती, केस विंचरले होते. मी तिला पडद्याच्या अगदी जवळ, खुर्चीत बसवलं. कडेला काळ्या पट्ट्या, मध्ये पूर्ण चौकोन. गाणं सुरू झालं. आधी मृदंग ऐकू येतो. पडद्यावर तेव्हा गॅलरीत उभ्या असलेल्या बायका असतात, बाबा बऱ्याच वेळानं येतात.

पहिल्या थापेसरशी आईनं माझा हात घट्ट धरला. चेहरा फुलला.

"हे बघ," ती बायकांकडे बोट दाखवून म्हणाली. "हेच तुझं बाबा. बघ, उजव्या हातानं कसं वाजवतायत!"

मी म्हटलं, "हो आई. दिसले."