कार्यमुक्तीची तारीख

फोनवरच्या मुलाखतीत "कधी रुजू व्हाल?" असं विचारलं, तेव्हा संध्याच्या तोंडून "एका महिन्यात" असं निघून गेलं. तीन महिने म्हटलं तर हैदराबादची नोकरी दुसऱ्या कुणाला देतील, ही भीती.

हुमनाबादजवळच्या औषध कारखान्यात ती गोळ्यांची तपासणी करायची. तिथं नव्या माणसाला एका महिन्याची नोटीस असे. गेल्या वर्षी संध्याला बढती मिळाली आणि तिची नोटीस तीन महिन्यांची झाली. हे तिला ठाऊक होतं. पण साहेब आपल्याला लवकर सोडतील, असं मनाशी धरून तिनं राजीनामा पाठवला.

प्रयोगशाळेचे प्रमुख चनमल्लप्पा तो वाचून म्हणाले, "तीन महिने. ऑडिट तोंडावर हाय. नव्या यंत्रावर तुझ्याशिवाय कोण तयार हाय, सांग?"

"सर, थोडं आधी..."

"न्हाई. आज तुला सोडलं की उद्या चौघं रांगेत."

त्या दिवशी डबा तिनं तसाच परत नेला. न सांगता निघून जावं, तर कार्यमुक्तीचं पत्र मिळणार नाही आणि त्या पत्राशिवाय हैदराबादवाले दारातही उभं करणार नाहीत. राजीनामा मागे घ्यावा, तर तो परत देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर. बसवकल्याणच्या घरी वडिलांनी, प्रेमानंदांनी, सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगून टाक हैदराबादच्या त्या बाईला," ते म्हणाले.

"आणि तिनं नको म्हटलं तर?"

"मग आजच कळंल. महिनाभर असं झुरत बसण्यापेक्षा बरं."

हैदराबादच्या कंपनीत नेमणुकांचं काम पाहणारी विजयश्री मूळची भालकीची. संध्यानं तिला फोन लावला.

"मॅडम, मी एक महिना म्हणाले होते. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे. मी घाबरून तसं बोलले."

 

"मुलाखतीतच सांगितलं असतंस तर सोपं होतं गं," विजयश्री म्हणाली. "दोन महिने जागा धरून ठेवते कसंतरी. पण शुक्रवारपर्यंत तुमच्या कंपनीची लेखी तारीख पाहिजे. तोंडी चालणार न्हाई."

संध्या परत चनमल्लप्पांकडे गेली. या वेळी नुसती विनंती घेऊन नाही. शिल्लक रजा नोटिशीत वळती करावी, उरलेल्या दिवसांचा पगार कापावा, आणि जाण्याआधी ती हाताखालच्या शिवकुमारला नव्या यंत्रावर तयार करेल.

"तू गेल्यावर ऑडिटला तोच उभा राहणार," चनमल्लप्पा म्हणाले. "आधी त्याचं काम दाखव. मग तारखेचं बघू."

नियम असा, की एकाच नमुन्याची दोघांनी वेगवेगळी तपासणी करायची आणि दोघांचे आकडे जुळायला हवेत. गुरुवारी दुपारी शिवकुमारचा आकडा आला. संध्याच्या आकड्यापेक्षा फारच कमी.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "हे खोडून टाकू. परत लावतो. कोण बघायलंय?"

उद्या शुक्रवार. एक आकडा नाहीसा केला की तारीख हातात. पण पुढं ऑडिटवाल्यांनी यंत्राची नोंद उघडली तर? शिवकुमार तिथं एकटा असेल, आणि सही तिची.

"काय काय केलंस, पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

तो सांगत गेला, ती ऐकत गेली. पावडर पूर्ण विरघळायच्या आतच त्यानं द्रावण पुढं घेतलं होतं. तिनं 'जुळत नाही' अशी नोंद केली, कारण लिहिलं आणि कागद साहेबांपुढं ठेवला.

चनमल्लप्पांनी दोनदा वाचलं. "उद्याची मुदत हाय न्हवं तुझी?"

"व्हय सर."

"मग हे आज कामून दाखवायलीस?"

"लपवलं तर ऑडिटला त्याचंच नाव निघंल, सर. आणि त्याला कुठं चुकलं ते कळणारच न्हाई."

"पहिल्याच फटक्यात जुळलं असतं तर खोटं असंल म्हणून मलाच भ्या वाटलं असतं," ते पुटपुटले. मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि वर मनुष्यबळ विभागाला मेल लिहिला. संध्याकाळी मंजुरी आली. तारीख मिळाली होती, पण विजयश्रीनं दिलेल्या दोन महिन्यांपेक्षा एक आठवडा पुढची.

"तेवढं मला लागतंयच," चनमल्लप्पा म्हणाले. "पोरगा तयार झाल्याबिगर न्हाई."

संध्यानं तो मेल हैदराबादला पाठवला आणि फोन उलटा ठेवून बसली. शुक्रवारी सकाळ गेली, जेवणाची सुट्टी गेली. फोन वाजला तेव्हा तिच्यानं लगेच उचलवेना.

"वर विचारलं," विजयश्री म्हणाली. "लेखी हाय म्हणून ऐकले. पण आता ही तारीख हलली ना, तर माझ्या हातात काही न्हाई. समजलं?"

"समजलं, मॅडम."

फोन ठेवून ती प्रयोगशाळेत गेली. "शिवकुमार, नवा नमुना घे," ती म्हणाली. "घाई करू नको. मी इथंच बसलेय."