चामोर्शीचा विळा

अय्यावूला तो माणूस पहिल्यापासूनच पटला नव्हता.

अय्यावू तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचा. बोअर मारणाऱ्या टोळीत तो दुसरी लॉरी चालवायचा. पुढची लॉरी मशीनची, मागची रॉडची. ती वर्षं दुष्काळाची होती, आणि तिकडच्या बोअरच्या गाड्या सरकारी हातपंपांच्या कामासाठी देशभर फिरत होत्या. त्या एप्रिलात त्यांना गडचिरोली जिल्ह्यातली गावं मिळाली होती. मशीन आदल्या दिवशीच चामोर्शीला जाऊन उभी होती. अय्यावूच्या लॉरीचा पाटा चंद्रपुरात तुटला, म्हणून तो मागे राहिला. रॉडशिवाय मशीन कामाची नाही, त्यामुळे दुरुस्ती होताच त्याला निघायचं होतं.

टोळीला कामं मिळवून देणारे चंद्रपूरचे एजंट गुणवंतराव यांनी सोबतीला माणूस दिला. "हा मुखरू. रस्ता दाखवेल," ते म्हणाले. मग खडूचा तुकडा घेऊन त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर गावाचं नाव काढलं. "चामोर्शी. हे ध्यानात ठेव. पहले मूल, फिर गडचिरोली, फिर ये."

अय्यावूला ती लिपी येत नव्हती. त्याच्या भाषेतली अक्षरं सुटी सुटी बसतात. ही सगळी एका आडव्या काठीला लटकलेली. तो बराच वेळ पाहत राहिला. पहिलं अक्षर, त्याला लागून एक उभी काठी. मग पोटात गाठ असलेलं अक्षर, त्याच्या काठीवर झेंडा. शेवटी एक वाकडं अक्षर आणि त्याच्या डोक्यावर उलटा ठेवल्यासारखा विळा. विळा त्याने पक्का लक्षात ठेवला.

मुखरू चाळिशीचा, सडपातळ, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसणारा. गाडी गावाबाहेर पडली. मुखरू समोर पाहायचा, पण रस्त्याकडेच्या दगडांकडे त्याचं लक्ष नसायचं. अय्यावूचं मात्र सगळं ध्यान तिकडेच होतं. हिरव्या माथ्याचे दगड एकामागून एक येत होते आणि प्रत्येकावर तेच दोन अक्षरी नाव. ते मूल असणार, असं त्याने धरलं. आकड्यांनी मात्र गोंधळ घातला. नावाखालच्या जोडीतला शेवटचा आकडा एकदा त्याला चारासारखा दिसे, पण पुढच्या दगडावर आठासारखा काहीतरी येई. मग तीन, मग दोन. हे दोन्ही ओळखीचे. दोनानंतर नवासारखा एक. त्याने उलटं मोजून पाहिलं. तीनाच्या आधी येतो तो चार, त्याच्याही आधीचा पाच, आणि दोनानंतरचा नऊ नव्हेच, तो एक. चिचपल्ली यायच्या आत त्याला आकडे वाचता येऊ लागले, आणि आकडा दर दगडाला कमी होतोय म्हणजे रस्ता बरोबर आहे, एवढी खात्री झाली.

चिचपल्लीच्या पाटीवर मात्र तो दचकला. पहिलं अक्षर दारावरच्या पहिल्या अक्षरासारखंच होतं.

"ये चामोर्शी?" त्याने विचारलं.

मुखरूने पाटीकडे पाहिलंही नाही. "नाई. चिचपल्ली हाय हे. अजून लय दूर जाना लागते."

चहाच्या टपरीवर मुखरू उतरला आणि दोन माणसांना बाजूला घेऊन बोलू लागला. बोलताना त्याने लॉरीकडे बोट केलं. ती माणसंही लॉरीकडे पाहायला लागली. अय्यावू चहाचा पेला हातात धरून बसून राहिला. पिंपांत डिझेल होतं, पाठीमागे रॉड होते, आणि निघताना चंद्रपूरच्या गॅरेजमधल्या एका पंजाबी ड्रायव्हरने बजावलं होतं की त्या जंगलात एकट्या गाडीने थांबू नको, कोण कोणाचा माणूस असतो सांगता येत नाही.

मूलला तेच झालं. मुखरू उतरला आणि एसटीच्या ड्रायव्हरशी खिडकीखाली उभा राहून हळू आवाजात बोलला. तो परत आल्यावर अय्यावूने विचारलं, "क्या बोला उसको?"

"काई नाई. वळखीचा हाय."

एसटीच्या ड्रायव्हरला मात्र ओळखीच्या माणसासारखा निरोप द्यायचं सुचलं नव्हतं. अय्यावूने सीटखालची टॉमी, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब, पायाजवळ ओढून घेतली. मुखरूने ते पाहिलं आणि पिशवी छातीशी धरली.

सावली गाव मागे पडलं, वैनगंगेचा पूल गेला. दुपारी गाडी गडचिरोलीच्या चौकात शिरली. मुखरू म्हणाला, "थांबव भाऊ. मी उतरून इचारतो."

"क्या पूछना? तुम इधर का आदमी," अय्यावू म्हणाला. "बैठो. बोर्ड देखो, बोलो."

"इचारलेलं बरं राह्यते."

"उतरना नहीं."

चौकात एक बस आडवी उभी होती आणि तिच्या टपामागे पाटीचा निम्मा भाग झाकला गेला होता. पोलीस शिट्टी वाजवून पुढे जायला सांगत होता. मुखरूने पाटीकडे तोंड केलं, क्षणभर थांबला आणि समोर हात दाखवला. "सीधा."

अय्यावूलाही ओझरतं नाव दिसलं. अक्षर, काठी, मग झेंडा. त्याचं समाधान झालं आणि त्याने गाडी सरळ घातली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली, सायकलीवाले दिसेनासे झाले. पहिल्या दगडावर तेच नाव होतं: अक्षर, काठी, झेंडा. पण शेवटाला काहीतरी चुकत होतं. दुसऱ्या दगडाजवळ त्याने गाडी हळू केली. नाव काठीवर संपत होतं. वर विळा नव्हता. रंग गेला असेल, असं त्याला वाटलं. तिसऱ्या दगडावर रंग ताजा होता आणि विळा तिथेही नव्हता.

त्याने शेजारी पाहिलं. मुखरू खिडकीबाहेर पाहत होता, घामाने त्याची मान चकाकत होती, आणि त्याचा एक हात पिशवीत होता.

अय्यावूने ब्रेक मारला. टॉमी हातात घेऊन तो खाली उतरला आणि त्याने मुखरूच्या बाजूचं दार उघडलं. "नीचे आव. थैली उधर रखो."

मुखरू उतरला. पिशवी त्याने जमिनीवर ठेवली. तिच्यातून एक पंचा आणि भाकरीचं गाठोडं बाहेर आलं. एवढंच होतं तिच्यात.

"ये क्या लिखा?" अय्यावूने दगडाकडे टॉमी केली.

"चामोर्शी."

"पढ़ो."

"चामोर्शीच हाय, भाऊ. दुसरं काय राह्यनार?"

अय्यावूने त्याला दाराशी आणलं, खडूतल्या नावाच्या शेवटावर बोट ठेवलं, विळ्यावरून फिरवलं. मग त्याला परत दगडाशी नेलं आणि तिथे शेवटच्या काठीवर, जिथे वर काहीच नव्हतं तिथे, बोट ठेवलं. तेवढ्याने भागलं नाही म्हणून तो दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेला. पाठीमागच्या बाजूला उलट येणाऱ्यांसाठी गडचिरोलीचं लांबलचक नाव होतं. पुलापासून तो ते दर दगडावर पाहत आला होता. म्हणजे गडचिरोलीहूनच ते निघाले होते, पण दुसऱ्याच कुठल्या गावाला.

"किधर लेके जाता मेरेको? कौन है उधर?"

मुखरू दगडासमोर उकिडवा बसला. त्याने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फार सावकाश. अय्यावू पाहत होता. ते बोट अक्षरांच्या वळणाने जात नव्हतं. आडवंच सरकत होतं, भिंतीवरून हात फिरवावा तसं.

"मले वाचता येत नाई," मुखरू म्हणाला.

अय्यावूला आधी समजलं नाही, आणि समजल्यावर विश्वास बसला नाही. हा इथला माणूस. त्याची भाषा, त्याची लिपी. "झूठ," तो म्हणाला.

"काऊन खोटं बोलू? मी मूलच्या पलीकडच्या खेड्यातला. गडचिरोलीपर्यंत एकदा एसटीनं आलतो. चामोर्शी म्या पाह्यली नाई. एजंट म्हने, रस्ता मालूम हाय का, तं मी हो म्हनलं. वाटलं, इचारत इचारत जाऊ. चिचपल्लीले इचारलं, मूलले त्या डायव्हरले इचारलं. चौकात तू उतरू देल्लं नाईस."

अर्ध्याहून जास्त शब्द अय्यावूला कळले नाहीत. पण गावांची नावं आणि 'इचारलं' हा पुन्हा पुन्हा येणारा शब्द कळला. तरी त्याचा हात टॉमीवरून सुटला नाही.

तेवढ्यात झाडांतून एक बाई आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, कमरेला चिंधीने बांधलेला पाण्याचा भोपळा. लॉरी बघून ती थबकली. मुखरू उठला, पण तिच्याकडे जाण्याआधी त्याने अय्यावूकडे पाहिलं.  अय्यावूने मानेने जा म्हटलं, आणि स्वतःही मागे मागे गेला.

"बाई, हे वाट कोनती व्हय?"

दगडाकडे ढुंकूनही न बघता ती म्हणाली, "धानोरा."

"आन् चामोर्शी?"

तिने ते आले त्या दिशेला हात केला, मग तोच हात डावीकडे वळवला. गोंडीत काही बोलली, मराठीत एवढंच: "गडचिरोली जा. तिथून."

"धानोरा," अय्यावूने दगडावरचं नाव म्हणून पाहिलं. बोटाने अक्षर, काठी, अक्षर, झेंडा. 'चा'सारखी 'धा'ला काठी, 'मो'सारखा 'नो'ला झेंडा; नाव बरोबर बसलं. ती बाई त्याला फसवत नव्हती. दगड आणि ती, दोघं एकच सांगत होते.

गाडी वळवायला जागा शोधावी लागली. मुखरू मागे उभा राहून हाताने खुणा करत होता आणि अय्यावू पहिल्यांदाच त्याच्या हाताच्या भरवशावर मागचं चाक उतारावर घेत होता.

चौकात या वेळी बस नव्हती. पाटी पूर्ण दिसली. अय्यावूने विळा शोधला, मग इंजिन चालू ठेवूनच म्हणाला, "जाव. पूछो."

मुखरू उतरला, पानवाल्याशी बोलला, परत आला आणि त्याच बाजूला हात केला. अय्यावूने गाडी वळवली. पुढच्या दगडापाशी मुखरू खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. "हाय," तो म्हणाला, "वरतं वाकडं हाय." नंतर तो दर दगडाला वाकत होता.

चामोर्शीच्या अलीकडे मशीनची लॉरी एका चिंचेखाली उभी होती. टोळीचा मेस्त्री नल्लमुत्तू धावत आला आणि तमिळमध्ये ओरडू लागला. अय्यावूने त्याला तमिळमध्येच सगळं सांगितलं. टोळीतले तिघे चौघे जमले. कोणीतरी हसलं. मुखरू लॉरीच्या चाकाशी उभा होता. एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याची नजर आता तशीच झाली होती, जशी दिवसभर अय्यावूची होती.

नल्लमुत्तू त्याच्याकडे आला. "कल दूसरा गाँव. तुम आता?"

मुखरूने अय्यावूकडे पाहिलं. अय्यावू रॉडचे दोर सोडत होता. "यानं सांगितलं काय तुले?" मुखरू म्हणाला. "मले वाचता येत नाई."

"मालूम," नल्लमुत्तू म्हणाला. "हमारे में किसको आता? पूछना तो आता ना तुमको. हमको वो भी नहीं आता."

दुसऱ्या दिवशी गाड्या आतल्या गावाकडे निघाल्या तेव्हा मुखरू रॉडच्या लॉरीतच बसला. पहिल्या फाट्याला अय्यावूने कोणी न सांगताच गाडी थांबवली, आणि मुखरू खाली उतरून शेतातल्या माणसाला हाक मारेपर्यंत तो थांबून राहिला.