थांबलेला चमचा

सातपूरच्या बसथांब्यामागे, एका वर्कशॉपच्या माडीवर खंडेरावांचा कार्टून फिल्मचा छोटा स्टुडिओ होता. भिकन तिथला चित्रकार. चौऱ्याऐंशी साली त्यांना जुलाबावरची फिल्म करायचं काम मिळालं. जुलाब झालेल्या मुलाचं पाणी तोडू नका, साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत राहा, एवढंच खेड्यातल्या बायांना सांगायचं होतं.

हलणाऱ्या चित्रांना अफाट कागद आणि मेहनत लागते. म्हणून खंडेराव आधी अ‍ॅनिमॅटिक करायला लावत. भिकनने गोष्टीची चित्रं कार्डांवर काढायची, एकेक कार्ड कॅमेऱ्याखाली ठेवून हवा तेवढा वेळ फिल्मवर घ्यायचं, त्याला कच्चा आवाज जोडायचा आणि गोष्ट कुठे रेंगाळते, कुठे धावते ते बघायचं. पक्का आवाज मुंबईची नटी नंतर देणार होती.

"कच्च्या आवाजाला तुमच्या सुमनबाईच आणा," खंडेराव म्हणाले. "शाळेत शिकवतात, वाचन स्वच्छ असेल."

बायकोला विचारून सांगतो, असं भिकन म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्या दोघांची लहानगी लेक प्रज्ञा हरसूलला, सुमनच्या माहेरी, जुलाबानेच गेली होती. तो तेव्हा फिल्म धुणाऱ्या लॅबच्या कामाला मुंबईत होता. परतला तेव्हा मातीही झाली होती. नेमकं काय घडलं ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण विषय कळल्यावर सुमनच म्हणाली, "मी वाचते."

तिने खणखणीत वाचलं. फक्त एका जागी, "आईने चमचा उचलला" म्हटल्यावर ती गप्प झाली. टेप फिरत राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आणि बाळाला पाणी दिलं."

पुन्हा वाचायला लावणं भिकनच्या जिवावर आलं. मुंबईहून तो आवाज फिल्मबरोबर चालणाऱ्या छिद्रांच्या फितीवर उतरवून आला, तेव्हा त्याने चमचा धरलेल्या आईचं कार्ड त्या शांततेएवढंच लांबवलं. एडिटिंग टेबलावर फिल्म आणि फीत बरोबर जुळल्या.

खंडेरावांनी कामगार वस्तीतल्या चार बाया बघायला बोलावल्या. शाळा सुटल्यावर सुमनही आली आणि मागे उभी राहिली. छोट्या पडद्यावर एकेक चित्र येऊ लागलं. रडणारं बाळ, हंडा, साखर, चिमूटभर मीठ. मग आईने चमचा उचलला आणि चित्र तसंच राहिलं.

"का गं थांबली ही?" त्यातली लंकाबाई शेजारणीला म्हणाली.

"द्यायचं नसंल. जुलाबात पाणी लय वाईट."

"मंग बरोबर हाय तिचं."

पुढे बाळ पाणी प्यायलं, पण बाया त्यावरच बोलत राहिल्या. शेवटी खंडेरावांनी विचारलं, पाणी द्यायचं की नाही? दोघी म्हणाल्या, द्यायचं. दोघी म्हणाल्या, नाय.

बाया गेल्यावर खंडेराव म्हणाले, "भिकन, ही जागा कापावी लागेल. थांबलं की बाईला शंका येते."

"बघतो," भिकन म्हणाला, पण हात पुढे झाला नाही. खंडेराव काय ते समजून खाली चहाला गेले.

सुमन टेबलाजवळ आली. "आई म्हणाली, पाणी नको देऊ, जास्त होतील. माझ्या हातात वाटी होती. प्रज्ञा बघत होती वाटीकडे. बोलता येत नव्हतं तिला, पण तोंड उघडत होती. मला वाटलं, आई म्हणते म्हणजे खरंच असेल. तुम्ही असता तर विचारलं असतं." तिचा आवाज सरळ होता. "मी वाटी खाली ठेवली."

"सुमे, तुला कुठे माहीत होतं..."

"मुलं वर्गात तहान लागली म्हणतात ना, मी शिकवणं थांबवून त्यांना आधी पाणी पाजते. तुम्हाला ठाऊक नाही." तिने पडद्याकडे बोट केलं. "कापा ते. माझ्यासमोर कापा."

भिकनने फिल्म मागे घेतली. चित्र आणि आवाज जुळून राहावेत म्हणून दोन्हींतून सारखाच तुकडा काढायचा होता. ब्लेड चाललं. त्याने टोकं चिकटपट्टीने जोडली आणि टेबल पुन्हा चालवलं. "आईने चमचा उचलला आणि बाळाला पाणी दिलं." एका दमात. कुठे काही झालंच नव्हतं असं.

सुमन खुर्चीचा हात घट्ट धरून रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. भिकनने तिला जवळ घेतलं, पण ती त्याच्याकडे वळली नाही.

दुसऱ्या खेपेला आलेल्या बाया न अडखळता म्हणाल्या, द्यायचं. त्याच मापाने चित्रं हलती झाली. हिवाळ्यात हरसूलच्या बाजारात, पांढऱ्या कापडावर फिल्म लागली. सुमनने यायला नकार दिला होता.

चित्रातलं बाळ चमच्यासाठी आ करून पुढे झालं, तेव्हा बाजारातल्या बाया खळखळून हसल्या. भिकन गर्दीतून वाट काढत एस.टी.च्या थांब्याकडे निघाला. मागे पुन्हा हशा झाला. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चालत राहिला.