ताईच्या खोलीतला उजेड

पडदे शिवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सांगते. लोकांनी म्हणायची वाट कशाला बघा? म्हणून सख्ख्या बहिणीच्या खोलीत माझ्याच पडद्यानं दगा दिला तेव्हा माझा पारा चढला.

ताई नर्स आहे, कायम रात्रपाळीला. सकाळी आठला घरी येते, आणि तिच्या खोलीची खिडकी नेमकी पूर्वेला. अपुऱ्या झोपेपायी गेल्या आठवड्यात तिनं औषधाचा डोस चुकीचा काढला. सोबतच्या नर्सनं वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

"आणखी दोन दिवस बघते," ताई म्हणाली. "झोप नाही जमली तर नोकरी सोडते. पेशंटच्या जिवाशी खेळ नको."

बावीस वर्षांची नोकरी!

"अगं, ब्लॅकआउट पडदा लावलाय ना मी?"

"लावलायस. मी त्याच्याकडे बघत पडते."

"मग डोळ्यांवर पट्टी बांध."

"बांधली. कूस बदलली की सरकते, नाकाशी फट राहते, आवळली की डोकं ठणकतं. तू तुझ्या पडद्याचं बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी दार लावून तिच्या पलंगावर पडले. वीस वर्षांत शेकडो खिडक्या मी उभ्यानं पाहिल्या; आडवी होऊन एकही नाही. डोळे अंधाराला सरावले आणि माझं पितळ उघडं पडलं. दांडीच्या वरून उजेड छतावर पसरला होता. दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. आणि पडद्याच्या मधोमध, शोभेसाठी मारलेल्या तीन टिपांतून, सुईच्या प्रत्येक भोकातून एकेक ठिपका चमकत होता. त्या कापडाचा उजेड अडवणारा थर सुईनं एकदा टोचला की परत मिटत नाही, हे मला पक्कं ठाऊक! तरी हौस नडली, आणि तिचं मोल ताई मोजत होती.

ती संध्याकाळी कामावर गेल्यावर मी कंबर कसली. नवा पडदा, मध्ये एकही टीप नाही. कडेच्या शिवणींवर मागून त्याच कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. दांडी चौकटीच्या वीतभर वर नेली, दोन्ही बाजूंना वाढवली, आणि पडद्याच्या कडा वळवून भिंतीला वेल्क्रोच्या चिकटपट्टीनं बसवल्या. वर प्लायवूडची बंद पेटी ठोकली. ड्रिलच्या आवाजानं शेजारचे ओरडले, मीही ओरडले.

सकाळी ताई आली, तडक आत जाऊन पडली. मी स्वयंपाकघरात बसून राहिले. नऊ वाजले, अकरा, एक. दार उघडलं तेव्हा ताईचे केस विस्कटलेले आणि गालावर उशीचे वळ होते.

"नाही गं जमत," ती वैतागून म्हणाली. "दहा मिनिटं झाली, नुसती पडलेय. आजच राजीनामा देते."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. दुपारचे साडेतीन वाजले होते.

ती हसता हसता रडायला लागली. मलाही रडू आलं, कबूल करते.

मग तिनं तोंड धुतलं आणि युनिफॉर्म इस्त्रीला काढला.