जुन्या शिलाई मशीनचा सौदा

जाऊबाई बाजारात निघाल्या की अर्धे दुकानदार पाठ फिरवायचे. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगत फिरायच्या. धाकट्या जावेला त्यांना आणायचंच नव्हतं, पण त्या सोबत निघाल्याच.

धाकटीला पायाने चालवायची जुनी मशीन हवी होती. चार कपडे शिवून स्वतःचे पैसे मिळाले, तर घरात उठताबसता हात पसरावा लागणार नव्हता. रस्त्यावरच्या दोन दुकानांत तिने आधीच विचारलं होतं. साडेपाच हजार, आणि वर चाकं अडखळत होती. या तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने पाच सांगितले. तिने चाक फिरवलं, चिंधीवर टीप मारली, उलटून पाहिली. दोन्ही बाजूंनी सारखी होती.

"काका, मशीन चांगली आहे. रोख देते, थोडं बघा ना."

"सत्तेचाळीसशे. चाकाची वादी नवी घालून देतो."

भाव वाजवी होता. धाकटी पर्स उघडणार, तेवढ्यात जाऊबाई मध्ये घुसल्या.

"या भंगाराचे इतके? चार हजार. द्यायची तर द्या."

म्हाताऱ्याने रस्त्याकडे पाहिलं. संध्याकाळ झाली होती आणि दिवसभरात काही खपलं नव्हतं. "न्या," तो म्हणाला.

"मग साडेतीनच घ्या," जाऊबाई लगेच म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मशीनवर कापड टाकलं. "बाई, भाव तुम्ही बोललात, मी हो म्हटलं. शब्द फिरवणाऱ्याला मी माल देत नाही. निघा."

"माजलाय नुसता!" जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या आणि धाकटीचा दंड धरून ओढू लागल्या. "चल. तुझ्या नशिबातच नाही मशीन. घरी स्वयंपाक पडलाय."

धाकटी जागची हलली नाही. आपण बोललेला भाव दुकानदाराने मान्य केला की माल घ्यायचाच, हे जाऊबाईंनीच तिला शिकवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो नियम एकदाही मोडला नव्हता. आज चुकून मोडला असेल, यावर तिचा काडीचा विश्वास बसेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिने दंड सोडवून घेतला.

"काका, त्यांचं सोडा. मशीन मला हवी आहे. सत्तेचाळीसशे देते."

"आता पाच. एक रुपया कमी नाही."

पाच म्हणजे तिची सगळी पुंजी. पण साडेपाचला अडखळणारी चाकं तिने पाहिली होती, पाच काही अन्यायाचे नव्हते. तिने नोटा त्याच्या हातावर ठेवल्या.

"अगं वेडे, चार हजारांची वस्तू पाचला घेतलीस! घरी काय तोंड दाखवशील?"

"वरचे हजार तुमच्यामुळे गेले, वहिनी," धाकटी म्हणाली. "स्वयंपाकाचं तुम्ही बघा. मला आजपासून काम आहे."