अरबीचे शहाण्णव

रोशनीपेक्षा सानियाला एकाच विषयात जास्त गुण पडत, तो म्हणजे अरबी. बाकी सगळीकडे रोशनी पुढे. सौदीतल्या यान्बूच्या त्या चिमुकल्या भारतीय शाळेत दहावीला मुली इनमीन सात, त्यामुळे मागे असणं लपवायलाही जागा नव्हती. त्यात सानियाचे अब्बा, रिफायनरीतले फोरमन हनीफ, जेवताना हटकून म्हणायचे, "रोशनीला बघ जरा." सानियाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शाळेत अकरावीला फक्त सायन्स होतं. पूर्वपरीक्षेत पंचाहत्तर टक्के पडले तरच जागा, नाहीतर सानियाची रवानगी चिपळूणला मामूकडे. अम्मीला सोडून जायचं तिला मुळीच नको होतं.

तीन पेपर तपासून आले. इंग्रजी अडुसष्ट, हिंदी एकाहत्तर, सामाजिक शास्त्र चौऱ्याहत्तर. शिवाय अरबीत शहाण्णव! रोशनीला अरबीत बावन्न. सानिया दिवसभर हवेत होती.

गणित आणि सायन्सचे पेपर अजून व्हायचे होते. तिने हिशेब मांडला. सहा विषयांचे सहाशे, त्यांचे पंचाहत्तर टक्के साडेचारशे. हातात तीनशे नऊ. उरले एकशे एक्केचाळीस, म्हणजे सरासरी साडेसत्तर. "आरामात होईल," ती म्हणाली.

रोशनीने वहीत डोकावलं. "सानिया, अरबी टक्क्यांत धरत नाहीत गं. मार्कशीटवर नुसतं लिहितात. पाचच विषय, पाचशे मार्क. तुला पाहिजेत तीनशे पंचाहत्तर, आहेत दोनशे तेरा. दोन पेपरात एकशे बासष्ट, म्हणजे प्रत्येकी एक्क्याऐंशी."

सानियाचा पारा चढला. "तुला बावन्न पडले ना, म्हणून अरबी नको! जळतेस तू माझ्यावर."

"टीचरला विचार, बस्स."

विचारणार कशाला? विचारलं असतं तर रोशनी पुन्हा बरोबर ठरली असती. सानिया साडेसत्तरच्या हिशेबाने अभ्यासाला बसली आणि अवघड वाटलेली त्रिकोणमिती तिने खुशाल सोडून दिली.

गणितात शहात्तर आले, सायन्समध्ये चौऱ्याहत्तर. हिशेबापेक्षा जास्तच! ती अब्बांबरोबर नाचतच निकाल घ्यायला गेली. मार्कशीटवर बेरीज होती तीनशे त्रेसष्ट, टक्के बहात्तर पूर्णांक सहा. त्या बेरजेच्या खाली, वेगळ्या ओळीत, अरबीचे शहाण्णव.

अब्बांनी कागद दोनदा वाचला. "खलास," ते हळूच म्हणाले. "मामूला फोन करतो."

शाळेच्या फाटकापाशी रोशनी उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. आता ही समजूत घालणार, या विचाराने सानियाला संताप आला.

"तू म्हणालीस ते खरं होतं," रोशनी म्हणाली. "तुझे शहाण्णव बघून मी जळले होते. खूप जळले. पण तू इथेच राहावीस म्हणून सांगितलं गं."

रोशनीने सानियाचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.