उंच दार

अप्पा गेल्यावर पंधरवड्यानं गुत्तेदार रेवणसिद्ध बिलं घेऊन आला. घराची दुरुस्ती अप्पांनीच काढली होती. त्यांचा सातशेचा अंदाज माझ्यासमोर होता. पन्नासाहून जास्त फरक पडला, तर सोपा, म्हणजे दारालगतची पुढची खोली, भाड्यानं द्यावा लागणार होता आणि अप्पांची बैठक सोप्यातच होती.

बिलांची बेरीज साडेसातशे आली. पन्नासच जास्त. छताची जुनी तुळवटं विकून तेवढे सहज उभे राहत होते.

"आता ऊठ की," माझी आई, अव्वा, म्हणाली.

मी सागवानाचं बिल पुन्हा पाहिलं. अंदाजात दोनशे चाळीस, बिलातही तेवढेच. पत्र्यांचेही एकशे वीसला एकशे वीस. पण दोन्ही बिलं सोलापूरच्या वखारीची होती, आणि खाली लिहिलं होतं, रोख कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. अंदाज आमच्या निजामी हाली रुपयांत होता. सहा कलदाराला सात हाली.

म्हणजे सागवान दोनशे ऐंशी, पत्रे एकशे चाळीस. साठ इथंच वाढले. आधीचे पन्नास म्हणजे चुना-दगडाचे दहा, मजुरीचे चाळीस. एकूण एकशे दहा.

"तुझे अप्पा कलदार-हालीत चुकणार न्हाईत," अव्वा म्हणाली. "जन्मभर सोलापूरला भुसार घातलं त्यांनी."

तेच मला कळेना. माणूस शेवटपर्यंत दुकानात बसत होता, हसत होता, आजारी दिसतच नव्हता. मग हे कधी सुटलं त्यांच्या हातून?

"आणि मजुरी?" मी विचारलं. "चाळीस रुपये कशाचे?"

रेवणसिद्ध पागोटं सारखं करत राहिला. "सोप्याचं दार काढून परत बसवलं, अक्का. चौकट दोन वीत उंच केली. अप्पांचंच म्हणणं."

"कशाला?"

"मी पण इचारलं. म्हणले, सरळ बसून बाहेर जायाचंय मला. मान वाकवून न्हाय. मी हसलो, अक्का. म्हणलं, घोड्यावर बसून जाता का."

अव्वानं पदर तोंडाला लावला. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून नेतात. अप्पांचं विमान सोप्यातच सजवलं होतं. ते कुठंही न अडता बाहेर गेलं, तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की उचलणारे जाणते आहेत.

दोन वितींचा हिशेब बरोबर आणि नाण्यांचा चुकलेला. दार मोजणारा की नाणी चुकणारा, यांतला आजारी माणूस कुठला होता, ते मला अजून ठरवता येत नाही.

मी मजुरीच्या बिलावर मंजूर लिहिलं. जुन्या तुळवटांचे पन्नास आले. उरलेल्या साठांसाठी सोपा विरुपाक्ष कापडवाल्याला दरमहा दहानं दिला, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेऊन.

गठ्ठे घेऊन तो आला. अप्पांकडं वर्षानुवर्षं येणारा माणूस. उंबऱ्यावर सवयीनं मान वाकवून आत शिरला.

दार आता उंच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.